मिसळीला दिलेल्या १ ते ५ गुणांची सरासरी काढायची का?

प्रश्न: कोल्हापुरातल्या दोन मिसळ हॉटेलांचा सर्व्हे केलाय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. गिऱ्हाइकाचा पिनकोड, चवीला १ ते ५ गुण, किती मिनिटं थांबावं लागलं, सगळं आकड्यांतच आहे. तरी सर म्हणतात, सगळ्याची सरासरी काढू नको. का? आणि आलेख कुठला काढू?

उत्तर: पिनकोडचं सोपं आहे. तो आकडा दिसला तरी नुसती ओळख आहे, म्हणजे नॉमिनल. कुठल्या पिनकोडचे किती जण आले ते मोजा, स्तंभालेख काढा आणि बहुलक सांगा. सरांचा खरा आक्षेप चवीच्या कॉलमवर असणार, आणि तो रास्त आहे.

'बेकार, बरी नाही, ठीक, चांगली, एक नंबर' यांना तुम्ही १ ते ५ आकडे दिलेत. यातला क्रम खरा आहे, म्हणून हे ऑर्डिनल. पण 'ठीक' आणि 'चांगली' यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच 'चांगली' आणि 'एक नंबर' यांच्यात आहे, हे कुणी मोजलंय? दुसरा कुणी 'एक नंबर'ला ५ ऐवजी १० देईल. क्रम तोच राहतो, त्यामुळे त्याला चूक म्हणता येत नाही.

आता हिशेब करून बघा. पहिल्या हॉटेलात पाचही जणांनी 'ठीक' म्हटलं: ३, ३, ३, ३, ३. दुसऱ्यात २, २, २, २, ५. सरासरी ३ आणि २.६, म्हणजे पहिलं हॉटेल पुढे. 'एक नंबर'ला १० देताच दुसऱ्याची सरासरी ३.६ होते आणि तेच पुढे जातं! मिसळ तीच, माणसं तीच, निकाल मात्र उलटा. मध्यक दोन्ही वेळा ३ आणि २ च राहतो, कारण त्याला फक्त क्रम लागतो.

तरी नुसत्या मध्यकावरही थांबू नका. वीस जणांपैकी आठांनी 'बेकार', आठांनी 'एक नंबर', दोघांनी 'ठीक' आणि उरलेल्या दोन मतांना एकेकानं पसंती दिली, तर मध्यक 'ठीक' येतो. तसं म्हणणारे मात्र दोघंच. ही फूट स्तंभालेखात लगेच दिसते. स्तंभ मतांच्या क्रमानेच लावा. एक्सेलमध्ये मतं शब्दांत असतील आणि ती सॉर्ट झाली, तर क्रम अक्षरांप्रमाणे लागतो.

मिनिटं मात्र खरी मोजलेली आहेत. तिथे आयतालेख काढा, स्तंभ एकमेकांना चिकटलेले. रविवारी सकाळी दोघाचौघांना फार वेळ थांबावं लागलं असेल तर सरासरी वर ओढली जाते, म्हणून मध्यकही द्या. मापातलं शून्य नुसतं मानलेलं असेल तर इंटरव्हल, खरंखुरं असेल तर रेशो; हा फरक आलेख निवडताना आड येत नाही. 'दुप्पट वेळ लागला' असं म्हणायचं असेल तेव्हाच तो बघा.

सर्व्हे अजून चालू असेल तर मिनिटंच लिहून घ्या, 'कमी, मध्यम, जास्त' नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत नोंदवतात, म्हणून ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका असे टप्पे हवे तेव्हा पाडता येतात. नुसतं 'इशारा' लिहून ठेवलं असतं, तर पाणी ३९ फुटांवर होतं की ४२ वर, हे नंतर कुणालाच काढता आलं नसतं.