रोजचं 'शुभ सकाळ' मी कसं बंद केलं, आणि कोणासाठी केलं नाही

प्रश्न: गेली काही वर्षं मी रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना गुड मॉर्निंगचे मेसेज पाठवतो. आता त्याचा कंटाळा आलाय, पण बंद केलं तर लोकांना वाईट वाटेल असं वाटतं. काय करावं?

उत्तर: बंद करा, पण सगळ्यांसाठी एकदम नको, आणि जाहीर तर अजिबात करू नका. मी पाच वर्षं हेच करत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात 2017 मध्ये झाली. आत्याने एका सकाळी फूल पाठवलं, मी उत्तराला सूर्य पाठवला. मग वाटलं, तिला पाठवलं तर काकूंना का नको? काकूंना पाठवलं तर मावशीला वाईट वाटेल. असं करत करत नावं चाळीसच्या वर गेली. तेव्हा एकच चित्र भराभर फॉरवर्ड करता यायचं. 2019 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जगभर लागू केली आणि माझ्या नऊ फेऱ्या व्हायला लागल्या. 2020 च्या एप्रिलमध्ये तर डबल बाणाचं, म्हणजे खूपदा फिरलेलं चित्र एका वेळी एकाच चॅटला जायला लागलं. आणि सकाळची चित्रं म्हटली की बहुतेक डबल बाणाचीच असतात. माझ्या भाच्याने मला ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिली. चित्र गॅलरीत सेव्ह करायचं, लिस्ट उघडायची, एकदा पाठवायचं, झालं. दोन मिनिटांचं काम.

माझ्या मते बिघडलं ते इथेच. ब्रॉडकास्टचा मेसेज समोरच्याला स्वतंत्र चॅटमध्ये येतो, आपण फक्त त्यालाच पाठवल्यासारखा. त्यामुळे तिकडे मावशीला वाटतं, पोरीने आठवण काढली. आणि इकडे मी दात घासता घासता 43 जणांची आठवण एका अंगठ्याने उरकलेली असते. उत्तरं मात्र प्रत्येकाकडून वेगवेगळी येतात, आणि त्या उत्तरांना पुन्हा उत्तर द्यायचं असतं. कंटाळा पाठवण्याचा नसतो हो, या दुसऱ्या फेरीचा असतो. तुम्हीही जरा तपासून बघा, नक्की कुठल्या टप्प्याला जीव कंटाळतो ते.

डोळे उघडले ते एका चुलत दिरामुळे. एका समारंभात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमचा काही पत्ताच नसतो हल्ली." मी चाट! रोज सकाळी सहाला तर मी यांच्या दारात उभी असते. घरी येऊन एक जुना मेसेज दाबून धरला आणि Message info उघडलं. तिथे कोणी वाचलं, कोणाला पोचलं याची नावं असतात. भाऊजींचं नाव दोन्हींत नव्हतं. त्यांनी फोन बदलला होता आणि नव्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह केलाच नव्हता. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. मी मागे मागे जात बघत राहिले. दीड वर्ष त्यांना माझं एकही फूल मिळालं नव्हतं. आणि दीड वर्षात हे त्यांनाही जाणवलं नाही, मलाही नाही.

मग मी दोन आठवडे एक उद्योग केला. रोजचा मेसेज पाठवत राहिले, पण वहीत 43 नावं लिहून कोण काय उत्तर देतं त्याच्या खुणा केल्या. उलट उत्तर न देणारे 19 निघाले. जोडलेले हात किंवा त्यांच्याकडचं चित्र पाठवणारे 17. आणि शब्दांत काहीतरी लिहिणारे फक्त 7. "आज गुडघा बरा आहे", "काल पाहुणे होते, उशीर झाला", असलं काहीतरी. वहीचा प्रकार हास्यास्पद वाटेल, घरच्यांनी तर भरपूर चेष्टा केली, पण मला त्याचा उपयोग झाला. एरवी मी कोणाला वाईट वाटेल याचा अंदाजच बांधत बसले असते, आणि अंदाजात सगळ्यांनाच वाईट वाटतं.

19 जणांचा विचार करायचं कारणच नव्हतं. 17 जणांचं थोडं अवघड होतं, कारण त्यांतल्या निम्म्यांना माझ्याइतकाच कंटाळा आला असणार आणि तेही माझ्यामुळेच अडकले असणार. हे मला नंतर कळलं. एका मावसबहिणीने, मी थांबल्यावर चार महिन्यांनी, हसत हसत कबूल केलं, "तू पाठवायचीस म्हणून मी पाठवत होते गं."

उरले सात. या सातांत तीन जण एकटे राहणारे होते, आणि त्यांच्या बाबतीत तो मेसेज म्हणजे शुभेच्छा नसते, हजेरी असते. 'मी उठले, हातपाय हलतायत, फोन चालू आहे' एवढं त्यातून कळतं. आत्या त्यातलीच. तिचं फूल रोज पावणेसहा ते सव्वासहाच्या मध्ये यायचं. एका दिवशी सात वाजले, आठ वाजले, काही नाही. माझा सकाळचा मेसेजही तिच्याकडे एका टिकवर अडकलेला. एक टिक म्हणजे फोनपर्यंत पोचलेलाच नाही. फोन बंद आहे किंवा नेट नाही. दोन टिक असत्या तर म्हटलं असतं, फोन कुठेतरी पडला असेल, बघेल सावकाश. फोन लावला, बंद. शेजारच्यांचा नंबर माझ्याकडे होता, त्यांना जाऊन बघायला सांगितलं. आत्या ठणठणीत होती, चार्जरची वायर तुटली होती म्हणून रात्रीपासून फोन मेला होता. पण ती बाथरूममध्ये पडलेली असती, तरी मला त्याच वेळी कळलं असतं, दोन दिवसांनी नव्हे. म्हणून तुमच्या यादीत असं कोणी असेल तर त्यांचा मेसेज बंद करू नका. आणि शेजाऱ्याचा किंवा जवळ राहणाऱ्या कोणाचा तरी नंबर जवळ ठेवा, नाहीतर ती एक टिक बघून आपण नुसतेच हातावर हात धरून बसतो.

आता थांबवलं कसं ते. ब्रॉडकास्ट लिस्ट मी सरळ डिलीट केली. कोणालाही कळवलं नाही. आमच्याच एका नातलगाने फॅमिली ग्रुपवर 'उद्यापासून मी सकाळचे मेसेज पाठवणार नाही, गैरसमज नसावा' असं लिहिलं होतं. त्यावर दिवसभर 'का, काय झालं, कोणी काही बोललं का' चाललं, आणि दोघींनी तर ते स्वतःवर ओढून घेतलं. गैरसमज नसावा म्हटलं की तो झालाच म्हणून समजा.

न सांगता थांबलं की पहिल्या आठवड्यात फोन येतात, हे गृहीत धरा. मला चार आले. चौघांचाही एकच प्रश्न, "तब्येत बरी आहे ना?" त्यावर लांबण लावू नका, नेट नव्हतं, फोन बिघडला होता अशी खोटी कारणं तर देऊच नका, कारण फोन दुरुस्त झाला की मेसेजही सुरू व्हायला हवा ना. मी सांगायचे, "बरी आहे हो, सकाळचा फोन जरा कमी केलाय. तुमचं कसं चाललंय?" आणि मग दहा मिनिटं बोलायचो. त्या चारांतल्या दोघांशी मी त्याआधी वर्षभर एक वाक्यही बोलले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात एकही फोन आला नाही. खरं सांगू, थोडं लागलंच मनाला.

त्या सात जणांना मी आता चित्र पाठवत नाही, दोन शब्द लिहिते. सगळ्यांना रोज नाही. एकट्या तिघांना रोज, बाकी चौघांना आठवण येईल तेव्हा. पण काय लिहायचं ते त्यांच्याच आदल्या उत्तरातून उचलते. गुडघा म्हणाले असतील तर "गुडघा काय म्हणतोय आज?" याला उत्तर द्यावंसं वाटतं. सूर्योदयाच्या चित्राला जोडलेल्या हातांपलीकडे कोण काय उत्तर देणार?

एक अडचण राहते ती म्हणजे येणाऱ्या मेसेजची. आपण थांबलो म्हणून समोरचे थांबत नाहीत. फॅमिली ग्रुप मी Mute करून Always वर ठेवलाय. हे ग्रुपमध्ये कोणालाही कळत नाही. धोका एवढाच की लग्नाची तारीख किंवा कोणाच्या आजारपणाची बातमीही त्याच फुलांच्या ढिगात गडप होते. म्हणून रात्री एकदा ग्रुप उघडून चित्रं सोडून फक्त मजकूर वाचत वर जाते. फोनची जागा भरत असेल तर मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा; मग ज्या चित्रावर बोट ठेवाल तेवढंच उतरतं. आधीचा ढीग Manage storage मध्ये जाऊन काढता येतो, खूपदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढलेल्या असतात. पुसण्याआधी एकदा नजर फिरवा मात्र. माझ्या त्या ढिगात एका भाचीच्या बाळाचा पहिला फोटो निघाला, सगळ्या गोतावळ्यात फिरून आलेला.

वैयक्तिक चॅटवर येणाऱ्या चित्रांना मी रोज उत्तर देत नाही, चार-पाच दिवसांतून एकदा नीट चौकशी करते. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांची रोजची चित्रं आपोआप विरळ झाली. एका काकांची झाली नाहीत. ते रोज सहा पाठवतात, त्यातलं एक हमखास आदल्या दिवशीचंच असतं. त्यांना मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा बघितलं, चष्मा लावून, एकेक नाव शोधून, एकेकाला वेगळं पाठवत होते. ब्रॉडकास्ट लिस्ट त्यांना माहीतच नाही. मीही सांगितली नाही.