नडगी दुखतेय : पहिल्या महिन्यातच का, आणि पुन्हा कसं सुरू करायचं

प्रश्न: वय ३२, ऑफिसात बसून काम. महिन्याभरापूर्वी पळायला लागलो, रोज सकाळी शिवाजी पार्कला ३-४ किलोमीटर. दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखायला लागल्या. आठवडाभर थांबलो, बरं वाटलं, पुन्हा पळालो तर दुसऱ्याच दिवशी तेच. बूट बदलू का? की पळणं माझ्यासाठी नाहीच?

उत्तर: बुटांचं नंतर बघू. आधी खुर्चीत बसा आणि घोट्याच्या वरपासून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत दाबत वर न्या. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडेच दुखत असेल, तर हे बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे पळण्याच्या ताणाने होणारं नडगीचं दुखणं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर पुढचं काही वाचू नका, आधी ऑर्थोपेडिककडे जा. तो हाडाला गेलेला बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते बऱ्याचदा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील.

आता पहिल्याच महिन्यात का, ते. पळायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत दम लागणं कमी होतं, स्नायूही सरावतात. हाड मात्र मागे राहतं. प्रत्येक पावलाला नडगीचं हाड किंचित वाकतं, आणि हा नवा भार पेलायला शरीर ते हाड नव्याने बांधायला घेतं. हे काम आपल्या रस्त्यांसारखं चालतं: आधी खोदकाम, भराव नंतर. खोदकाम काही आठवड्यांत होतं, भरावाला महिने लागतात. त्या मधल्या काळात हाड थोडं कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच आपला दम वाढलेला असतो, म्हणून आपण अंतर वाढवतो. शिवाय पोटरीचे खोलातले स्नायू थकले की हाडावर जास्त भार येतो आणि हाडावरच्या पातळ आवरणाला ओढ बसते. दुखतं ते तिथे.

म्हणूनच तुमची आठवड्याची विश्रांती फुकट गेली. दुखणं शमलं, पण हाड होतं तिथेच, आणि तुम्ही थेट जुन्या अंतरावर गेलात.

माझ्या भाचीचं अगदी असंच झालं होतं. जानेवारीच्या मॅरेथॉनमध्ये ड्रीम रन करायचं म्हणून तिने ट्रेडमिलवरून एकदम पेव्हर ब्लॉकवर, तेही रोज पळायला सुरुवात केली. दोनदा थांबली, दोनदा उलटलं. तिसऱ्यांदा आम्ही तारीख धरलीच नाही. अर्धा तास भरभर चालून त्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दुखलं नाही, असे सलग पाच दिवस गेल्यावरच पळायचं, एवढंच ठरवलं. त्याला अडीच आठवडे लागले. तोवर सायकल चालू होती, म्हणून दम टिकला.

मग एक मिनिट हळू पळणं, चार मिनिटं चालणं, असे सहा फेरे. दिवसाआड. अशा तीन खेपा निर्विघ्न गेल्या की दोन मिनिटं पळणं, तीन चालणं. मग तीन-दोन, मग चार-एक. रोज सकाळी तोच अंगठा फिरवायचा. आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागे. तीन-दोनवर ती एकदा मागे आली, कारण आदल्या दिवशी जुहूला वाळूत पळाली होती. किनाऱ्याचा उतार एकाच बाजूला असतो, त्यामुळे दोन पायांवर सारखा भार येत नाही. सलग वीस मिनिटं पळायला तिला एकूण दहा आठवडे लागले.

सोबत एकच व्यायाम: जिन्याच्या कठड्याला धरून, गुडघे थोडे वाकवून टाचा उचलायच्या. पंधराचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. गुडघा वाकलेला ठेवला की पोटरीच्या खोलातल्या सोलियस स्नायूला काम पडतं, सरळ पायाने तेवढं पडत नाही. आणि पळताना लांब ढांगा टाकू नका, पावलं छोटी आणि भराभर पडू देत. नडगीवरचा ताण कमी होतो.

बर्फाने दहा-पंधरा मिनिटं शेकलं तर बरं वाटतं, बाकी काही होत नाही. दुखण्याची गोळी घेऊन पळणं मात्र अजिबात नको, कारण कुठल्या पायरीवर थांबायचं ते सांगणारं दुखणंच गप्प होतं.

राहिले बूट. तळवा झिजून एका बाजूला कलला असेल तर बदला. नाहीतर तेच चालतील. दुकानदार वेगळं सांगेल.