कन्नड नोटिशीचं मराठी: प्रॉम्प्ट सुधारताना नेमकं काय बदलायचं?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. तहसीलदार कचेरीतून येणाऱ्या कन्नड नोटिसा एआयकडून मराठीत करून घेतो. पहिलं उत्तर बरं असतं, पण चुका राहतात. प्रॉम्प्ट बदलला की एक सुधारतं, दुसरं बिघडतं. काय करावं?

उत्तर: पुढचा प्रॉम्प्ट लिहिण्याआधी आलेलं भाषांतर मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून पाहा आणि प्रत्येक चूक कुठून आली ते ठरवा. चूक फोटो वाचण्यात झाली, मॉडेलला इथली माहिती नव्हती, की तुमच्या सूचनेचा अर्थच दोन तऱ्हांनी लागत होता? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

समजा, फेरफाराची नोटीस आहे आणि प्रॉम्प्ट एवढाच होता:

```
या कन्नड नोटिशीचं मराठीत भाषांतर कर.
```

उत्तरात तीन खोड्या निघाल्या: 'पहणी' या कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचं 'सातबारा' झालं, 2-15 क्षेत्राचं '2.15 एकर' झालं आणि भाषा इतकी सरकारी की घरातल्या म्हाताऱ्यांना कळणार नाही. तिन्हींसाठी तीन वाक्यं एकदम घातली की कोणत्या वाक्याने काय सुधारलं आणि कशाने काय बिघडवलं हे कळायचा मार्गच उरत नाही. तुमचं नेमकं तेच होतंय.

आधी फोटोची शंका मिटवा. वेगळ्या चॅटमध्ये फोटो देऊन फक्त 'यातला कन्नड मजकूर जसाच्या तसा टाइप कर' एवढंच सांगा आणि आकडे कागदाशी पडताळा. कन्नड आकड्यांतले 6 आणि 9 एकमेकांसारखे दिसतात, त्यात शिक्का आकड्यावर पडलेला असला तर बघायलाच नको. इथेच चूक सापडली तर प्रॉम्प्टला हात लावू नका. कागद उजेडात सपाट ठेवून पुन्हा फोटो काढा. मजकूर बरोबर आला की पुढच्या सगळ्या फेऱ्यांत फोटोऐवजी तोच टाइप केलेला मजकूर वापरा. नावं आणि आधार नंबर त्यातून काढून टाका, भाषांतराला ते लागत नाहीत.

आता अर्थाच्या चुका, भाषेची नंतर. 'सातबारा' येतो कारण मॉडेलने वाचलेलं जमिनीचं मराठी बहुतेक महाराष्ट्रातलं असतं. म्हणजे इथे माहिती कमी पडली. एकच ओळ वाढवा:

```
नोटीस कर्नाटकातली आहे. पहणी या शब्दासाठी 'उतारा' लिही.
```

नुसतं 'सातबारा लिहू नकोस' म्हटलं तर तो तिसराच शब्द शोधून आणेल. काय लिहायचं तेच सांगावं.

दर फेरीला नवं चॅट उघडा. त्याच चॅटमध्ये दुरुस्ती सांगितली तर आधीचं चुकीचं भाषांतर मॉडेलच्या समोरच राहतं आणि त्याचे शब्द पुन्हा डोकावतात. शिवाय एकच प्रॉम्प्ट दोनदा दिला तरी उत्तर हुबेहूब तेच येत नाही, म्हणून प्रत्येक बदल दोन-तीन वेळा चालवून पाहा. तीनपैकी एकदाच सुधारलं तर तो बदल लागू पडला असं मी धरत नाही. असा बदल काढून टाकायचा, 'असू दे, बिघडत तर नाही' म्हणून ठेवायचा नाही.

दुसरी फेरी क्षेत्राची. 2-15 म्हणजे 2 एकर 15 गुंठे. एकराचे गुंठे 40, म्हणून हे एकूण 95 गुंठे. '2.15 एकर' धरलं तर 86 गुंठे होतात, म्हणजे 9 गुंठे जमीन कागदावरच गायब. ओळ अशी:

```
क्षेत्रात डॅशच्या आधी एकर, नंतर गुंठे. दशांशात बदलू नकोस.
```

भाषा शेवटी. 'सोप्या भाषेत लिही' म्हटलं की दुसरं बिघडतं ते बहुधा इथेच, कारण 'सोपं' याचा अर्थ मॉडेल बऱ्याचदा 'थोडक्यात' असा घेतं आणि हरकतीची मुदत किंवा सर्व्हे नंबर गाळतं. ही सूचनेतली संदिग्धता. तेव्हा दुसरी ओळ न वाढवता तीच ओळ बदला:

```
एकही वाक्य न गाळता, लहान वाक्यांत, बोलीतल्या शब्दांत लिही.
```

मग मूळातल्या तारखा आणि नंबर मोजा, भाषांतरातले मोजा. आकडा जुळला नाही तर ओळ अजून जमलेली नाही.

या फेऱ्या एकाच नोटिशीवर चालवल्या तर प्रॉम्प्ट त्या नोटिशीपुरताच बेतला जातो. म्हणून शेवटी वेगळ्या प्रकारची एक नोटीस, उदाहरणार्थ घरफाळ्याची, त्याच प्रॉम्प्टने करून पाहा. तिथे क्षेत्राची ओळ निरुपयोगी आहे, पण तिच्यामुळे डॅश असलेल्या घर नंबराचे 'एकर-गुंठे' झाले तर 'क्षेत्रात' ऐवजी 'जमिनीच्या क्षेत्राच्या रकान्यात' असं करा.

हरकतीची तारीख मात्र भाषांतरावर विसंबून धरू नका. ती तलाठ्याकडून किंवा वकिलाकडून मूळ कागदावरच वाचून घ्या.