आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, तरीही बोट सुजलेलेच

प्रश्न: मला सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. गेला महिनाभर सकाळी उठल्यावर तासभर हाताची बोटं आखडलेली असतात आणि उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सॉसेजसारखं फुगलंय. रक्तात आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, ईएसआरही नॉर्मल. मग हा संधिवात नाही असं समजून दुखण्याच्या गोळ्या घेत राहिलो तर चालेल का?

उत्तर:

नाही, चालणार नाही. ज्या रिपोर्टमुळे तुम्हाला हायसे वाटले आहे, तो या आजारात उलट संशय वाढवणारा असतो. मी संधिवाततज्ज्ञ म्हणून काम करतो आणि तुमच्यासारखा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन, वर्षभर उशिराने आलेले रुग्ण मला नेहमी भेटतात.

आरए फॅक्टर ही तपासणी मुख्यतः ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी केली जाते. सोरायसिससोबत येणारा सांध्यांचा आजार, म्हणजे सोरायटिक आर्थ्रायटिस, हा वेगळा आजार असून त्यात ही तपासणी बहुतेकांची निगेटिव्हच येते. २००६ साली प्रसिद्ध झालेले ‘कॅस्पार’ नावाचे निकष आम्ही वापरतो. सांधा, पाठीचा मणका किंवा कंडरा हाडाला जोडली जाते ती जागा यांपैकी कुठे दाह असेल, तर पुढे गुण मोजायचे आणि तीन किंवा अधिक गुण झाले की आजार या गटात मोडतो. सध्या अंगावर सोरायसिस असेल तर दोन गुण, बोट संपूर्ण सुजलेले असेल तर एक आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असेल तर आणखी एक. तुमचे चार इथेच झाले. हे निकष मुळात संशोधनासाठी बनवलेले आहेत, त्यामुळे केवळ गुण मोजून निदान होत नाही, परंतु निगेटिव्ह रिपोर्टचे वजन कोणत्या पारड्यात पडते ते यावरून स्पष्ट दिसते. ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचेही तसेच आहे. दाह चांगला चालू असतानाही जवळपास निम्म्या रुग्णांचा ईएसआर आणि दाहाचीच दुसरी रक्ततपासणी असलेला सीआरपी नॉर्मल राहू शकतो.

म्हणून या आजारात कागदापेक्षा बोटच जास्त सांगते. साध्या सांधेसुजीत सांध्यापुरता फुगवटा दिसतो आणि दोन सांध्यांमधला भाग बारीकच राहतो. तुमचे बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे जाड झाले आहे, कारण सूज सांध्यांपुरती नसून बोट वाकवणारी कंडरा ज्या आवरणातून सरकते त्या आवरणात आणि भोवतालच्या मऊ भागातही आहे. वैद्यकीय भाषेत याला डॅक्टिलायटिस म्हणतात. ते केवळ विचित्र दिसते म्हणून महत्त्वाचे नाही. अशा रीतीने सुजलेल्या बोटांच्या हाडांची झीज इतर बोटांपेक्षा जास्त प्रमाणात आढळते.

सकाळच्या आखडण्याचाही अर्थ लावता येतो. वयोमानाने झिजलेला सांधा सकाळी पाच-दहा मिनिटे कुरकुरतो आणि दिवसभर वापरल्यावर संध्याकाळी जास्त दुखतो. दाहाचा सांधा याच्या उलट वागतो. विश्रांतीने तो आखडतो, हालचालीने मोकळा होतो आणि हे आखडणे अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकते. तुमचा एक तास दुसऱ्या प्रकारात बसतो. आता हाताची नखे उजेडात धरून पाहा. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का, किंवा नख टोकाकडून सुटून पांढरे पडले आहे का? बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून जाणाऱ्या कंडरेचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पोचलेले असतात, त्यामुळे नख आणि हा सांधा अनेकदा एकत्रच बिघडतात. टाचेच्या मागे किंवा तळव्याला सकाळी दुखते का, हेही आठवून ठेवा.

उशिराने काय होते, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बेचाळीस वर्षांचे शिक्षक, डोक्यात आठ वर्षांपासून सोरायसिस. आधी पायाचे दुसरे बोट सुजले. रक्तातील युरिक अ‍ॅसिड थोडे वाढलेले निघाले म्हणून गाऊट समजून चार महिने त्याच्याच गोळ्या चालल्या. (सोरायसिसमध्ये युरिक अ‍ॅसिड तसेही वाढलेले असू शकते, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते.) मग उजव्या हाताची तर्जनी सुजली. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला आणि ‘संधिवात नाही’ असे सांगून त्यांना वेदनाशामके देण्यात आली. गोळीने दिवस बरा जाई, म्हणून तेही स्वस्थ राहिले. माझ्याकडे आले तेव्हा अकरा महिने उलटले होते आणि एक्स-रेमध्ये तर्जनीच्या शेवटच्या सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

आम्ही मेथोट्रेक्सेट हे दाह आटोक्यात आणणारे औषध आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम सुरू करून पुढे २० पर्यंत नेले. तीन महिन्यांत पायाचे बोट उतरले, तर्जनी मात्र तशीच राहिली. तेव्हा क्षयरोगाची तपासणी करून अडॅलिमुमॅब या दाह रोखणाऱ्या जैविक औषधाची इंजेक्शने जोडली आणि हळूहळू सूज गेली. परंतु तर्जनीचे टोक पूर्ण वाकत नाही ते नाहीच. शर्टाचे बटण ते अजूनही अंगठा आणि मधल्या बोटाने लावतात. दाह औषधाने शमतो, पण कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होत नाही. वेदनाशामकांचा धोका नेमका इथे आहे: त्यांनी दुखणे आणि आखडणे कमी होते, पण हाडाची झीज थांबल्याचे दिसून येत नाही, आणि आराम पडल्यामुळे माणूस वाट पाहत राहतो. २०१५ मध्ये आयर्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांमध्ये सांध्यांची झीज आणि कामातली अडचण जास्त आढळली होती. तुमचा अजून एकच महिना झाला आहे.

तेव्हा येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. बोट लाल आणि गरम असेल, ताप असेल आणि ते किंचित सरळ करतानाही असह्य कळ येत असेल, तर मात्र थांबू नका. कंडरेच्या आवरणात पू झाला असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते.

औषधांबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. सूज पटकन उतरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, कारण त्या बंद केल्यावर त्वचेचा सोरायसिस जोरात उसळू शकतो. आणि मेथोट्रेक्सेट सुरू झालेच, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून मी चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून देतो. त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड दिले जाते, रक्तपेशी आणि यकृताची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते, मद्य टाळणे उत्तम आणि गर्भधारणेचा विचार असेल तर ते आधीच सांगावे लागते. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक, उद्या सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हात शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ही सूज कमी-जास्त होते, आणि तपासणीच्या दिवशी नेमके बोट उतरलेले असले तर तो फोटोच दाखवता येईल.