सक्तीची भरती, नुसती भरती आणि वापर

प्रश्न : एका भाषांतरात ‘चाइल्ड सोल्जर’साठी ‘बालसैनिक’ आणि गुन्ह्यासाठी ‘१५ वर्षांखालील मुलांची सक्तीने भरती’ असं लिहिलंय. दोन्ही बरोबर आहे का?

‘बालसैनिक’ रुळलेला आहे, बातमीत चालेल. पण ‘सक्तीने’ हा शब्द मात्र काढायलाच हवा, कारण त्याने कायद्याचा अर्थच बदलतो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत तीन वेगळी क्रियापदं आहेत : सक्तीने भरती करणं, स्वेच्छेने आलेल्याला भरती करून घेणं, आणि लढाईत सक्रिय सहभागासाठी वापरणं. मूल १५ वर्षांखालचं असेल, तर यातलं कुठलंही एक पुरेसं आहे. मराठीत पहिल्या दोन्हींना आपण ‘भरती’च म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो.

या न्यायालयाचा पहिलाच निकाल याच गुन्ह्याचा होता. काँगोच्या इतुरी भागातल्या एका सशस्त्र गटाचा प्रमुख थॉमस लुबांगा याला मार्च २०१२ मध्ये दोषी ठरवलं आणि पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की मुलाची संमती हा बचाव होऊ शकत नाही. ‘सक्तीने’ लिहिलं, की आपण होऊन छावणीत आलेलं दहा वर्षांचं पोर वाक्याबाहेर पडतं. कायद्याने तर त्यालाच आत घेतलं आहे. ‘वापर’ही केवळ आघाडीवर बंदूक चालवण्यापुरता नव्हता, अंगरक्षक म्हणून उभी केलेली मुलंही त्यात धरली गेली. वय ठरवणं कठीण होतं. अखेर फेब्रुवारी २००३ मधलं र्वाम्पारा प्रशिक्षण छावणीचं चित्रीकरण महत्त्वाचा पुरावा ठरलं, कारण त्यातली काही मुलं उघडपणे १५च्या आतली दिसत होती.

१५ आणि १८ यांची सरमिसळही टाळावी. युद्धगुन्ह्यासाठी मर्यादा १५ आहे. बालहक्क करारासोबतच्या २००० सालच्या पूरक करारात मात्र सक्तीच्या भरतीसाठी आणि प्रत्यक्ष लढाईसाठी १८ आहे. सरकारी सैन्याला स्वेच्छेने येणारा १६ वर्षांचा मुलगा काही अटींवर घेता येतो. बंडखोर गटांना १८च्या आतलं कुणीही घेता येत नाही. इथे ‘सक्तीने’ हा शब्द हवाच, नाहीतर ही सवलत दिसणार नाही.

आता ‘बालसैनिक’. ‘बालकलाकार’, ‘बालवीर’ यांच्या पंगतीत बसल्यामुळे त्याला नकळत कौतुकाचा सूर येतो, तो मला खटकतो. शिवाय छावणीत स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी मुलं आणि कमांडरची ‘बायको’ करून ठेवलेल्या मुली ‘सैनिक’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येत नाहीत. म्हणून अशा मुलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, म्हणजे २००७च्या पॅरिस तत्त्वांनी, लांबलचक पण नेमका शब्दप्रयोग घेतला. मराठीत मी तो ‘सशस्त्र दलांशी किंवा गटांशी जोडली गेलेली मुलं’ असा करेन. काँगोत स्वाहिलीत या मुलांना ‘कादोगो’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘छोटुकला’, त्यात सैनिक कुठेच नाही.