भेट मिळालेल्या जपानी गुंडाळीवर काय लिहिलं आहे?

प्रश्न: ऑफिसातल्या जपानी सरांनी मायदेशी परतताना भिंतीवर टांगायची ही गुंडाळी भेट दिली, फोटो सोबत आहे. वरून खाली पाच अक्षरं आहेत. पहिलं आणि शेवटचं अक्षर म्हणजे मधे रेघ असलेला उभा चौकोन, दुसरं अक्षर नुसती वळणदार खूण वाटते. डावीकडे बारीक मजकूर आणि दोन लाल शिक्के, उजवीकडे वर एक लंबुळका शिक्का. काय लिहिलंय, कुणाचं वचन आहे आणि हे हाताने लिहिलेलं आहे की छापील?

उत्तर:

जपानीत हे 'निचिनिची कोरे कोजित्सु' असं वाचतात. अर्थ: रोजचा दिवस चांगलाच दिवस. चौकोन म्हणजे 'दिवस'. दुसऱ्या जागची वळणदार खूण स्वतंत्र अक्षर नाही, 'वरचंच पुन्हा' असं सांगणारी ती खूण आहे. तिसरं अक्षर 'हाच, आहेच' असा जोर देणारं, चौथं 'चांगला' आणि पाचवं पुन्हा 'दिवस'. चहाच्या समारंभाच्या खोलीत टांगायच्या ज्या एकओळी गुंडाळ्या असतात, त्यांत हे वचन फार लाडकं आहे. ते कुठल्या एका ऋतूला बांधलेलं नाही, म्हणून वर्षभर चालतं.

वचन मात्र जपानी नाही, चिनी आहे. युनमन वनयान (864–949) हे झेन गुरू दक्षिण चीनमधल्या आजच्या ग्वांगदोंग भागात राहत. जपानी त्यांना उनमोन म्हणतात. एकदा शिष्यांसमोर ते म्हणाले, "पंधराव्या तिथीच्या आधीचं मी तुम्हाला विचारत नाही. पंधराव्या तिथीनंतरचं एका वाक्यात सांगा." कुणीच बोलेना. मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, ते हे.

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण चिनी महिनाही आपल्यासारखा अमावास्येनंतर सुरू होतो आणि पंधराव्या तिथीला पौर्णिमा येते. पूर्ण चंद्र म्हणजे ज्ञानप्राप्ती, असा संकेत भिक्षूंना तोंडपाठ होता. म्हणजे प्रश्न असा होतो: साक्षात्काराआधीची खटपट राहू दे, तो झाल्यावर काय, ते बोला. त्यावर काहीतरी भव्य ऐकायला मिळेल म्हणून कान टवकारलेल्यांना उत्तर मिळालं ते रोजच्या दिवसाचं. युनमन यांची ही खोडच होती. बुद्धांच्याही पलीकडचं बोलणं कोणतं, असं एकाने विचारल्यावर ते म्हणाले होते, "भाकरी."

म्हणून 'रोज आनंदी राहा' या छापाचा अर्थ यातून काढू नये. भेटवस्तूंच्या दुकानात तो सर्रास छापलेला दिसतो, पण त्याने वचन गुळचट होतं. युनमन यांच्या हयातीत, 907 मध्ये, तांग राजवट कोसळली आणि देशाचे तुकडे झाले. तेव्हा 'चांगला दिवस' म्हणजे सुखाचा दिवस असा अर्थ बसत नाही. बरा आणि वाईट अशी वाटणी करून मग त्यातला बरा निवडायचा, ही सवयच इथे मोडीत काढली आहे. पंचांगात मुहूर्त शोधणाऱ्याला हे जितकं टोचेल, तितकाच त्याचा अर्थ.

हा प्रसंग 'हेकिगानरोकु' या संग्रहातला सहावा आहे. शंभर प्रसंग निवडून त्यांवर कविता केल्या त्या शुएदोउ या चिनी झेन गुरूंनी, आणि पुढच्या शतकात त्यावर भाष्य केलं ते युआनवू (1063–1135) या झेन गुरूंनी. या युआनवूंमुळेच तुमच्या हातातल्या वस्तूचा इतिहासही सुरू होतो. त्यांनी 1124 साली शिष्याला लिहून दिलेल्या प्रमाणपत्राचा अर्धा भाग आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाकडी नळकांड्यात समुद्रावरून वाहत तो जपानच्या किनाऱ्याला लागला अशी आख्यायिका आहे, म्हणून त्याला 'वाहत आलेला युआनवू' म्हणतात. परंपरा सांगते की चहाच्या खोलीत भिक्षूचं हस्ताक्षर टांगायची पद्धत चहाच्या समारंभाचे जुने गुरू मुराता जुको यांनी पाडली, आणि त्यांना झेन भिक्षू इक्क्यू यांच्याकडून मिळालेलं हस्ताक्षरही युआनवूंचंच होतं. अशा लेखनाला 'बोकुसेकी' म्हणतात, म्हणजे शाईच्या खुणा. त्यात अक्षर देखणं आहे का, हे दुय्यम. लिहिणारा माणूस त्यात दिसतो का, हे बघतात.

आता तुमच्या फोटोकडे वळू. आपण बोरूने लिहितो तेव्हा जाडबारीकपणा टाकाच्या तिरप्या काटामुळे येतो. इथे कुंचला जवळजवळ उभा धरलेला असतो आणि सगळा खेळ दाबाचा. शैली अर्धप्रवाही आहे: चौकोनातल्या मधल्या आणि खालच्या रेघा सुट्या न राहता एकाच हालचालीत आल्या आहेत. पाचातल्या तीन जागी तोच 'दिवस' आहे, म्हणून तो सारखा लिहिला तर ओळ मरते. तुमच्या लेखकाने पहिला चौकोन रुंद आणि ओला ठेवला, दुसरा नुसत्या खुणेवर भागवला आणि शेवटचा अरुंद, कोरडा करून खाली ओढला. तिसऱ्या अक्षराच्या शेपटीत शाई संपत आल्याने पांढऱ्या चिरा दिसतात आणि चौथं अक्षर एकदम काळंभोर आहे. कुंचला पुन्हा शाईत बुडवला तो तिथे. मला यात सर्वांत आवडली ती ही जागा. शेपूट कोरडी पडत असतानाही हात घाईला आलेला नाही.

उजवीकडचा लंबुळका शिक्का नावाचा नसतो. मजकूर इथून सुरू होतो, एवढंच तो सांगतो, आणि त्यात बहुधा एखादं छोटं वचन कोरलेलं असतं. डावीकडे वर 'मुरासाकिनो' आहे, म्हणजे क्योतोतल्या दाइतोकुजी मंदिराचा परिसर. त्याखाली 'साकि नो दाइतोकु', मग भिक्षूचं नाव आणि 'लिहिलं'. 'साकि नो दाइतोकु' याचा शब्दशः अर्थ 'दाइतोकुजीचे माजी' असा होतो, पण ती झेन भिक्षूंमधली एक पायरी आहे. ती असलेला प्रत्येक जण त्या मुख्य मंदिराचा प्रमुख होता असं नाही. विक्रेते मात्र बिनदिक्कत तसं सांगतात. गुंडाळी लाकडी खोक्यात आली असेल, तर झाकणावर, बहुधा आतल्या बाजूला, सही आहे का बघा आणि ती इथल्या नावाशी जुळवा.

हाताने लिहिलेलं की छापील, हे फोटोवरून ठरत नाही. भिंग घ्या. साध्या छपाईत शाईच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसते. पण चांगल्या प्रतिकृतीत ठिपके नसतात, तिथे रेघा जिथे एकमेकींवरून जातात ती जागा बघा. हाताच्या लेखनात तिथे एक थर खाली, एक वर असा गडद फरक दिसतो, आणि कोरड्या चिरांमध्ये शाई कागदाच्या धाग्यांच्या उंचवट्यांवरच बसलेली असते. प्रतिकृतीत काळा रंग बहुधा सगळीकडे एकसारखा सपाट असतो. मग दिवा बाजूने तिरपा धरून शिक्के तपासा. खऱ्या लाल लेपाला किंचित जाडी असते. मात्र छापील गुंडाळीवर शिक्का वेगळा उमटवलेलाही सापडतो, म्हणून एकट्या शिक्क्यावर विसंबू नका.

टांगण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: काचेच्या फ्रेममध्ये घालू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद आणि कापडाचे थर खळीने चिकटवलेले असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या खळीलाच आधी बुरशी लागते. जून ते सप्टेंबर गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. दिवाळीच्या सुमाराला हवा कोरडी झाली की काढा, दिवसभर नुसती लोंबकळू द्या आणि तपकिरी ठिपके आलेत का ते कडांपासून बघत या.