निष्कर्ष पहिल्या ओळीत आण

प्रिय मित्रा,

परताव्याच्या तक्रारी मिटायला होणाऱ्या विलंबावरचा तुझा अहवाल वाचला. अभ्यास पक्का आहे. सारांश मात्र दोन पानांचा झालाय आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे: ‘बराचसा विलंब दुसऱ्या मंजुरीच्या टप्प्यावर होत असल्याचे दिसून येते.’ निर्णय घेणाऱ्या समितीतले बरेच जण तिथवर पोचणारच नाहीत.

तू ज्या क्रमाने काम केलंस, त्याच क्रमाने लिहिलंस. आधी पार्श्वभूमी, मग माहिती कशी गोळा केली, मग निरीक्षणं आणि शेवटी निष्कर्ष. निर्णय घेणाऱ्याला आधी हवं असतं ते एवढंच: मी नेमकं काय मंजूर करायचं आणि कशाच्या आधारावर?

तुझेच आकडे घेऊन सुरुवात अशी करता येईल: ‘लहान रकमेच्या परताव्यांसाठी दुसरी मंजुरी तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर थांबवावी. तक्रार मिटायला सरासरी १२ दिवस लागतात. त्यांपैकी ७ दिवस ती केवळ दुसऱ्या सहीसाठी पडून असते. तपासलेल्या ४०० प्रकरणांपैकी फक्त ३ प्रकरणांत त्या सहीमुळे पहिला निर्णय बदलला.’

‘बराचसा’ची जागा ७ दिवसांनी घेतली. तुझ्या मसुद्यात ‘प्रक्रिया सुलभ करण्याचा विचार व्हावा’ असं होतं. त्यावर कोणी सही कशी करणार? आता काय थांबवायचं आणि किती काळ, हे स्पष्ट आहे. ‘लहान रक्कम’ म्हणजे किती, ती मर्यादाही तिथेच लिही, नाहीतर बैठकीतला पहिला प्रश्न तोच असेल.

उरलेल्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य झाकून बघ. ते नसतं तर निर्णय बदलला असता का? मुलाखतींचं वेळापत्रक, विभागाचा इतिहास, आभार हे सगळं मुख्य अहवालात जाऊ दे. पण ‘ही प्रकरणे एकाच तिमाहीतील आहेत’ हे वाक्य काढू नकोस. कायमचा बदल न सुचवता तीन महिन्यांचा प्रयोग सुचवायचा, तो याच मर्यादेमुळे. काटछाट करताना अशी वाक्यं सगळ्यात आधी उडतात, आणि मग शिफारस पुराव्यापेक्षा मोठी होऊन बसते.

झालं की पहिला परिच्छेद या कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला दे आणि कागद परत घेऊन विचार, ‘काय मंजूर करायचंय?’ उत्तर अडखळलं, तर पुन्हा लिही. सारांशातला प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशीही ताडून बघ. मसुदे बदलत जातात आणि जुना आकडा सारांशात तसाच राहतो.

एक अडचण मला दिसते. ती दुसरी सही ज्यांची आहे, ते समितीत बसतात. पण तेवढ्यासाठी निष्कर्ष मागे ढकलू नकोस. बैठकीआधी त्यांना भेट, ती ३ प्रकरणं त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांचा आक्षेप रास्त वाटला तर शिफारशीतच त्याची सोय कर.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी